वरच्या ओठावर साठलेलं फिलर विरघळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आता ओठांचं फिलर करायला पुण्याला जावं लागत नाही, आणि ते विरघळवून घ्यायलाही नाही. फिलर विरघळवणाऱ्या हायलुरॉनिडेज या औषधाबद्दल विचारायला येणाऱ्यांचं बहुतेक गाऱ्हाणं एकच असतं: "ओठ मोठे झाले नाहीत, ओठाच्या वरचा भाग फुगला." म्हणून इथली बहुतेक माहिती वरच्या ओठाबद्दल आहे. डोळ्यांखालच्या फिलरचं एक उत्तर पुढे दिलं आहे.

वरच्या ओठावर पट्टी आल्यासारखी दिसते. फिलर सरकलं हे ओळखायचं कसं?

ओठाचा गुलाबी भाग आणि वरची त्वचा जिथे मिळतात तिथे निसर्गतः एक बारीक, उठावदार कड असते. फिलर त्या कडेच्या वर साठलं की कड पुसट होते. ओठ कुठे संपला आणि त्वचा कुठे सुरू झाली ते कळत नाही. बाजूने बघितलं तर नाकाखालची त्वचा सरळ उतरण्याऐवजी पुढे झुकते आणि तिची सावली मिशीसारखी पडते. लिपस्टिकची रेघ धरत नाही, बाहेर पसरते.

घरच्या घरी बघायचं तर बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी उभ्या राहा, म्हणजे उजेड एका बाजूने येईल. जीभ वरच्या ओठाच्या आतून दाबून धरा आणि बाहेरून स्वच्छ बोट कडेच्या वर फिरवा. मऊ वळी हाताला लागली तर तिथे फिलरचं जेल असण्याची शक्यता बरीच आहे.

एक गल्लत मात्र आपल्याकडे नेहमी होते. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर वरच्या ओठावर काळपटपणा राहतो, आणि तोही मिशीसारखाच दिसतो. दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणून बघा. सावली असेल तर ती जाते, डाग असेल तर तो जागच्या जागी राहतो. डागावर हायलुरॉनिडेजचा काही उपयोग नाही.

फिलर खरंच आपोआप चालत वर जातं का?

क्वचितच. "सरकलं" हा शब्द सोयीचा आहे, पण बऱ्याचदा जेल पहिल्या दिवशीच चुकीच्या जागी गेलेलं असतं. नंतर सूज उतरते तेव्हा ते नजरेत येतं, एवढंच.

हे होतं कसं ते समजायला ओठाची घडण बघा. गुलाबी भागाच्या आत ओठ मिटणारा गोल स्नायू आहे. कडेच्या खाली ऊती घट्ट आहेत, कडेच्या वर त्या मानाने सैल. एका छोट्याशा ओठात एकदम जास्त जेल भरलं की आतला दाब वाढतो आणि जेल जिथे सैल जागा मिळेल तिथे, म्हणजे वर, घुसतं. फिलरची एक सिरिंज १ एमएलची असते, चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. ऐकायला हे काहीच नाही वाटत, पण पातळ ओठाला एका बैठकीत अख्खी सिरिंज अनेकदा जास्त होते.

दुसरं कारण सुईच्या वाटेत आहे. उंच, टोकदार ओठ देणाऱ्या काही पद्धतींत सुई कडेच्या वरून त्वचेतून उभी खाली नेतात आणि मागे घेताना जेल सोडत येतात. सुई बाहेर येईपर्यंत दट्ट्या दाबलेलाच राहिला तर त्या वाटेत, कडेच्या वर, जेलची रेघ उरते. अशा आठ-दहा वाटा शेजारी-शेजारी झाल्या की त्यांची पट्टी बनते. नीट काम करणारा हात कड यायच्या आधीच दाबणं थांबवतो.

तिसरं कारण म्हणजे सुईविना दाबाने फिलर घुसवणारं "पेन". त्यात जेल किती खोल जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो. ते त्वचेत थेंबाथेंबाने विखुरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ही उपकरणं वापरू नका असा जाहीर इशारा दिला होता. पार्लरमध्ये कुणी "सुई नाही ताई, दुखणार नाही" म्हणालं तर ते पेनच आहे असं समजा.

आणि चौथं कारण, आमच्या मते सगळ्यांत मोठं, पुढच्या प्रश्नात आहे.

फिलर सहा महिन्यांत जिरून जातं ना? मग जुनं उरलंच कसं?

सहा महिन्यांनी जातो तो पहिल्या दिवसांचा भरीव उठाव. जेल सगळं जात नाही. ओठांचं जेल बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून शरीर त्यांना सावकाश तोडतं, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळ्या गतीने तोडतं. चेहऱ्याच्या एमआरआयमध्ये आणि सोनोग्राफीत फिलर भरल्यानंतर कित्येक वर्षांनीही जागेवर दिसलं आहे.

आता यावर "दर सहा महिन्यांनी टच-अप" ठेवा. आरशात ओठ थोडा बसलेला वाटतो, जुनं संपलं असं धरून आणखी १ एमएल भरलं जातं. खाली आधीचं अर्धंमुर्धं आहेच. नव्याला जागा नाही, ते वर सरकतं. वर फुगल्यामुळे नाक-ओठातलं अंतर भरून येतं आणि गुलाबी भाग उलट लहान दिसायला लागतो. मग बाईंना वाटतं ओठ अजून छोटेच आहेत, आणि त्या पुन्हा भरायला येतात. शेंगदाण्याची चटणी खारट झाली म्हणून वरून तिखट घालत राहण्यासारखं आहे हे. खारटपणा जात नाही, चटणी मात्र वाढते.

हायलुरॉनिडेज म्हणजे नेमकं काय?

हायलुरॉनिक ॲसिडची साखळी कापणारं एन्झाइम. शरीरात ते असतंच. औषध म्हणून येतं ते बहुधा मेंढी किंवा बैलाच्या वृषणातून काढलेलं असतं. काही देशांत मानवी प्रकाराचं, जनुकतंत्राने बनवलेलंही मिळतं. आपल्याकडे १५०० युनिटची पांढरी पूड असलेली व्हायल सर्रास असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती भूल पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ हेच औषध भुलेत मिसळतात, त्यामुळे गावातल्या बऱ्याच डोळ्यांच्या दवाखान्यांना ही व्हायल ओळखीची आहे. फिलर विरघळवायला तिचा वापर जगभर रूढ आहे, पण लेबलवर तो लिहिलेला नसतो. डॉक्टरांनी हे सांगून, समजावून, सही घेऊनच पुढे जायला हवं.

ते जेलच्या अंगाला लागतं आणि तिथून साखळ्या तुटत जातात. तुकडे इतके लहान होतात की शरीर ते वाहून नेतं. यातली कळीची गोष्ट "अंगाला लागणं" ही आहे. एन्झाइम गाठीच्या शेजारी पडलं तर काम अर्धवट होतं. म्हणून जेल नेमकं कुठे आहे हे सोनोग्राफीत बघून मारलेली सुई अंदाजाने मारलेल्या सुईपेक्षा कमी औषधात जास्त काम करते. उच्च वारंवारतेच्या प्रोबखाली जेल काळ्या तळ्यासारखं दिसतं.

कुठलंही फिलर याने विरघळतं का?

नाही. फक्त हायलुरॉनिक ॲसिडचं. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपेटाइट, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, पीएमएमए, सिलिकॉन, किंवा स्वतःची चरबी भरली असेल तर हायलुरॉनिडेज त्याला काही करत नाही. बोटॉक्सही यात येत नाही, ते फिलर नव्हेच. म्हणून पहिला प्रश्न "किती युनिट" हा नसून "आत काय आहे" हा आहे. फिलरच्या खोक्यात लॉट नंबरचे चिकटवायचे स्टिकर असतात. एक डॉक्टरांच्या कागदावर लागतो, एक तुमच्याकडे द्यायचा असतो. तो नसेल आणि भरणाऱ्याने "इम्पोर्टेड आहे" एवढंच सांगितलं असेल, तर विरघळेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

आधी ॲलर्जीची चाचणी हवी का?

नुसतं रूप सुधारायचं असेल, घाई नसेल, तर हवी. हाताच्या आतल्या बाजूला त्वचेच्या थरातच सुमारे ३ युनिट देतात. १५० युनिट प्रति एमएल या द्रावणाचा ०.०२ एमएल एवढा टिपका. पाच मिनिटांत गांधी उठून ती २०–३० मिनिटं टिकली आणि खाज आली, तर चाचणी सकारात्मक. नुसती लाली आली आणि गेली तर ती ॲलर्जी नव्हे.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगभर सूज, धाप, चक्कर असं कधी झालं असेल तर ते आधी सांगा. त्या विषातही हायलुरॉनिडेज असतं आणि शरीर दोघांना एकच समजू शकतं. करमाळा-बार्शीकडच्या शेतातल्या बायकांना हे मुद्दाम विचारावं लागतं, कारण "माशी चावली होती" ही त्यांना सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही.

चाचणी नकारात्मक आली तरी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. तीव्र ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनची ॲम्प्युल फोडायला तयार असायला हवी. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० चं अर्धा एमएल. ती ॲम्प्युल दिसली नाही तर विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

किती युनिट लागतात? प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो.

सगळे आकडे बरोबर असू शकतात, कारण जेल वेगळं, जागा वेगळी, हेतू वेगळा. जुना अंदाज असा आहे की २० मिलिग्रॅम प्रति एमएलच्या साध्या जेलच्या दर ०.१ एमएलला सुमारे ५ युनिट. पण दाट बांधणीच्या जेलला याच्या कित्येक पट लागतात. म्हणून हा आकडा सुरुवातीचा अंदाज समजावा.

खरी गडबड आकड्यापेक्षा सिरिंजमध्ये होते. १५०० युनिटच्या व्हायलमध्ये १० एमएल नॉर्मल सलाईन घातलं की १ एमएलमध्ये १५० युनिट होतात. मग ०.१ एमएल म्हणजे १५ युनिट. हे हिशोबाला सोपं. आता हेच औषध इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ओढलं की त्या सिरिंजवरही "युनिट" छापलेले असतात, पण ते इन्सुलिनचे. आपल्याकडे दोन तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात, १०० वाली आणि ४० वाली. १०० वालीवर १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.१ एमएल येतं, म्हणजे १५ युनिट. ४० वालीवर त्याच १० च्या रेघेला ०.२५ एमएल येतं, म्हणजे साडेसदतीस युनिट. अडीच पट! म्हणून एमएल छापलेली १ एमएलची सिरिंज वापरावी आणि कागदावर युनिटसोबत एमएल आणि पातळ करण्याचं प्रमाणही लिहावं. "६० युनिट दिले" एवढ्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

व्हायल लेबलवर लिहिलेल्या तापमानातच ठेवावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो तेव्हा सात रस्त्यावरून दवाखान्यापर्यंत डिकीत फिरलेल्या व्हायलवर भरवसा ठेवता येत नाही. पातळ केलेलं द्रावण लगेच वापरायचं. "कालचं उरलंय" हे चालत नाही.

एखादं उदाहरण आकड्यांनिशी सांगता का?

समजा जुळे सोलापुरात राहणारी २९ वर्षांची शिक्षिका आहे. १४ महिन्यांत तीनदा, दर वेळी १ एमएल असं ओठांत फिलर झालं आहे. तक्रार अशी की वर्गात फळ्याकडे वळलं की मुलं बाजूने बघतात आणि आपला ओठ चोचीसारखा दिसतो. स्टिकर तिच्याजवळ आहेत आणि तिन्ही वेळा हायलुरॉनिक ॲसिडचंच जेल आहे.

पहिल्या भेटीत इंजेक्शन नाही. फोटो चार: समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक हसताना. मग बोटांनी चाचपणी, शक्य असेल तर सोनोग्राफी. तिच्यात जेल दोन ठिकाणी आहे: गुलाबी भागात थोडं, जे चांगलं बसलं आहे, आणि कडेच्या वर दोन्ही बाजूंना पट्टीसारखं. ती पट्टी साधारण ०.८ एमएलची वाटते. ठरवायचं इथेच: सगळं काढायचं की फक्त पट्टी. तिला ओठ पूर्वीसारखे नको आहेत, फक्त वरचा फुगवटा नको आहे. त्यामुळे पट्टीवरच काम.

जुन्या अंदाजाने ०.८ एमएलला ४० युनिट. पण तीन वेगवेगळ्या वेळी भरलेलं जेल, एकाची बांधणी दाट, म्हणून ६० धरले. द्रावण १५० युनिट प्रति एमएल, म्हणजे एकूण ०.४ एमएल. हाताची चाचणी नकारात्मक. कडेच्या वर प्रत्येक बाजूला चार जागा, एकूण आठ, प्रत्येक जागी ०.०५ एमएल म्हणजे साडेसात युनिट. ३० नंबरची बारीक सुई, जेल आहे त्याच खोलीवर. हायलुरॉनिडेज चांगलंच झोंबतं, ते आधी सांगून ठेवलेलं बरं. मग दोन बोटांत धरून एक-दोन मिनिटं मळायचं, म्हणजे एन्झाइम जेलच्या अंगाला लागतं. मळताना बोटाखाली गाठ सैलावताना कळते, कणीक भिजत जावी तशी.

त्या दिवशी संध्याकाळी ओठ सुजेल, कदाचित काळानिळाही होईल. दुसऱ्या दिवशी सूज असतानाच पट्टी खचलेली दिसायला लागते. ४८ तासांत बहुतेक काम होतं, पण निकाल दोन आठवड्यांनी बघायचा. चौदाव्या दिवशी उजवी बाजू सपाट, डावीकडे कोपऱ्याजवळ वाटाण्याएवढा उंचवटा राहिला आहे. तिथे दोन जागी मिळून ०.१ एमएल, म्हणजे आणखी १५ युनिट. एकूण ७५ युनिट, दोन बैठका. कड पुन्हा दिसायला लागते. गुलाबी भागही किंचित बसतो, कारण एन्झाइम शेजारी पसरतं आणि सुईने आखलेली सीमा पाळत नाही. हे तिला पहिल्या भेटीतच सांगितलेलं असायला हवं.

थोडंसंच कमी करता येईल का, सगळं न काढता?

करता येतं, पण मापून नाही. "अर्धं काढतो" असं कुणी वचन देत असेल तर तो आत्मविश्वास जास्त आहे. कमी युनिट, दोन आठवडे थांबणं, मग पुन्हा कमी युनिट, एवढाच मार्ग. वरच्या उदाहरणात पहिल्याच दिवशी १५० युनिट दिले असते तर पट्टीसोबत गुलाबी भागही पुरता बसला असता.

यात माझे स्वतःचे ओठही विरघळतील असं वाचलंय.

भीती निराधार नाही, पण ती वाढवून सांगितली जाते. एन्झाइम फिलरमधलं आणि शरीरातलं हायलुरॉनिक ॲसिड असा भेद करत नाही. मात्र शरीराचं स्वतःचं हायलुरॉनिक ॲसिड सतत बनत असतं, अंगातला सुमारे एक तृतीयांश साठा रोज बदलतो. दिलेलं एन्झाइम तिथे काही तास ते एक-दोन दिवसच काम करतं. त्यानंतर आपलं स्वतःचं भरून येतं. कोलॅजन आणि चरबी ते कापत नाही.

मग ओठ बसल्यासारखे, सुरकुतलेले का वाटतात? दोन कारणं. एक तर तुम्ही दीड-दोन वर्षं भरलेला ओठ आरशात पाहिलेला असतो, डोळा त्यालाच सरावलेला असतो. जुने, फिलरच्या आधीचे फोटो काढून शेजारी ठेवले की बऱ्याच जणींना कळतं की हेच आपले ओठ होते. दुसरं कारण खरं आहे: खूप दिवस, खूप जास्त भरून ठेवलेली त्वचा ताणली जाते आणि हवा गेलेल्या फुग्यासारखी थोडी सैल राहते. ती काही आठवड्यांत आवरते, पण पूर्ण आवरेलच असं नाही. त्याचा दोष एन्झाइमपेक्षा आधीच्या ताणाकडे जास्त जातो. तरीही काही जणींना नंतर खोलगटपणा राहिल्यासारखा वाटतो, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावू नये.

कालच फिलर केलंय, खूप सुजलंय. लगेच विरघळवू का?

शक्यतो नाही. ओठ दोन-तीन दिवस भरपूर सुजतात, एका बाजूला जास्तही सुजतात. दोन आठवड्यांच्या आत "सरकलं" असा निकाल देऊ नका. सुजेवर एन्झाइम मारून चांगलं बसलेलं फिलर घालवलेल्यांची संख्या कमी नाही. याला एकच अपवाद आहे, आणि तो पुढचा.

फिलरनंतर त्वचा पांढरी पडली, खूप दुखतंय. हे काय?

हे सरकणं नव्हे. जेल रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला असावा. त्वचा पांढरी, मग जाळीदार जांभळी. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. दुखणं सुजेच्या मानाने फार जास्त. इथे ॲलर्जीची चाचणी करत बसत नाहीत, आणि साठ-सत्तर युनिटचा विषयच नाही. एका भागाला सुमारे ५०० युनिट, भाग मोठा असेल तर आणखी, आणि रक्त परत वाहताना दिसेपर्यंत दर तासाला पुन्हा. ज्यांनी फिलर केलं त्यांना तत्काळ फोन करा, रात्र असो की सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असो. दिसायला कमी झालं, डोळा दुखायला लागला, बोलणं अडखळलं, तर फोनवर वाट न पाहता डोळ्यांचा आणि न्यूरोचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. इथे मिनिटं मोजावी लागतात.

म्हणूनच जो दवाखाना फिलर करतो त्याच्याकडे किमान काही व्हायल हजर असायलाच हव्यात. "लागली तर मागवू" हे उत्तर ऐकलं तर तिथे फिलर करू नका.

ओठात लाल, गरम गाठ आलीय. तीही विरघळवता येईल?

लाल, गरम, दुखरी गाठ म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो. तो असताना एन्झाइम दिलं तर ऊती सैल होऊन संसर्ग पसरू शकतो. आधी अँटिबायोटिकचा विचार होतो, मग हायलुरॉनिडेजचा. थंड, न दुखणारी, महिनोन्महिने एकाच जागी असलेली गाठ हा वेगळा प्रकार आहे आणि ती बहुधा चांगली विरघळते.

डोळ्यांखाली फिलर केलं आणि सकाळी डोळे सुजतात. तेही सरकलंय का?

तिथे जेल बहुधा जागेवरच असतं, पण पाणी ओढून घेतं. डोळ्यांखालची त्वचा शरीरातली सगळ्यांत पातळ, तिथला निचराही मंद. रात्री आडवं झोपल्यावर पाणी साठतं, म्हणून सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी. जेल फार वरच्या थरात असेल तर निळसर छटा दिसते, ती काळी वर्तुळं समजून क्रीमवर पैसे घालवले जातात. इथे युनिट कमी लागतात, बऱ्याचदा एका बाजूला १०–३० पुरतात, आणि जास्त झाले तर खोल खळगा उघडा पडतो. ओठापेक्षा इथे हात जास्त आखडता ठेवावा लागतो.

इंजेक्शननंतर घरी काय सांभाळायचं?

पहिला दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, दर वेळी पाच-दहा मिनिटं. एक दिवस वाफ, जिम आणि भर उन्हातली फेरी टाळा. स्वतः जोरजोरात मळू नका, मळण्याचं काम दवाखान्यात झालेलं असतं. अंगावर गांधी उठल्या, सूज ओठ सोडून पापण्यांकडे गेली, घसा आवळल्यासारखा वाटला, तर लगेच दवाखाना. ॲलर्जी काही तासांनीही येऊ शकते.

ऑनलाइन व्हायल मिळते. घरी टोचून घेऊ का?

नको. जेल कुठल्या थरात आहे हे स्वतःच्या ओठावर आरशात बघून कळत नाही, आणि ॲलर्जी आली तर अ‍ॅड्रेनॅलिन कोण देणार? ऑनलाइन "डिझॉल्व्हर" नावाने मिळणाऱ्या काही बाटल्या चरबी घटवायच्या असतात. त्यांचा हायलुरॉनिक ॲसिडशी काहीही संबंध नाही.

विरघळवल्यावर पुन्हा फिलर कधी करता येईल?

किमान दोन आठवडे थांबा, म्हणजे सूज जाते आणि खरा ओठ दिसतो. आम्ही चार आठवडे सुचवतो, त्याचं कारण एन्झाइम नाही. ते केव्हाच संपलेलं असतं. कारण हे की चार आठवड्यांनी बऱ्याच जणींना पुन्हा भरायची गरजच वाटत नाही. वाटली तर एका वेळी ०.५ एमएल, आणि पुढचं "टच-अप" तारखेवरून ठरवू नका. आधीचे फोटो शेजारी ठेवून किंवा सोनोग्राफी करून ठरवा. लग्न किंवा साखरपुडा असेल तर त्याच्या किमान सहा आठवडे आधी हे सगळं सुरू करा, कारण दुसरी बैठक लागण्याची शक्यता नेहमी असते.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ, काय विचारू?

फिलरच्या आधीचे दोन-तीन फोटो, स्टिकर किंवा बिल, प्रत्येक वेळची तारीख आणि किती एमएल. दात काढले असतील, माशीची ॲलर्जी असेल, गरोदर असाल तर तेही. आणि निघताना एक कागद मागा: कुठल्या व्हायलमधून, किती एमएल सलाईनमध्ये पातळ करून, कुठे किती एमएल दिलं. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी त्या कागदावरून त्यांना सुरुवात करता येते.